घरबसल्या कामासाठी नोंदणी शुल्क

मी परभणीची आहे. ‘डेटा एंट्री, महिना 25,000 रुपये, 1,499 रुपये नोंदणी शुल्क नंतर परत’ असा ईमेल आला आहे. खरा असेल का?

नाही, कृपया पैसे भरू नका. खरी कंपनी काम देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ‘परत मिळेल’ हे आश्वासन पहिली रक्कम सहज निघावी म्हणूनच असते, आणि ती भरली की प्रशिक्षण किंवा कराराच्या नावाने पुढची मागणी येते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ नंतर काय आहे ते पाहा: नाव मोठ्या कंपनीचे आणि पत्ता gmail.com चा, किंवा यूपीआयवर एखाद्या व्यक्तीचेच नाव, एवढे फसवणूक ओळखायला पुरेसे आहे. मात्र पत्ता कंपनीसारखा दिसला म्हणूनही विश्वास ठेवू नका, कारण एखादे अक्षर बदलून तसा पत्ता सहज घेता येतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.