चॅटमधले स्टार येतात कुठून?

एआय चॅटचं उत्तर ॲपमध्ये ठळक शीर्षकं अन् तक्त्यासह मस्त दिसते. तेच कॉपी करून भावाला व्हॉट्सॲपवर धाडलं तर जिकडेतिकडे स्टार अन् हॅश. काऊन असं? (गृहिणी, महाल)

उत्तर मुळात साधा मजकूरच असतो. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार, शीर्षकाआधी हॅश, अशा खुणा त्यात असतात. या पद्धतीचं नाव मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये आणली. चॅटचं ॲप खुणा लपवून सजावट दाखवतं, पण कॉपीच्या बटणाने बहुधा खुणांसकट मजकूर हाती येतो. व्हॉट्सॲपमध्ये ठळक करायला एकच स्टार लागतो आणि शीर्षक किंवा तक्ता तिथे नाहीच, म्हणून खुणा उघड्या पडतात. पुढच्या वेळी चॅटला आधीच सांगा: "व्हॉट्सॲपवर पाठवायचंय, साध्या परिच्छेदात लिही, तक्ता नको."

संत्र्याच्या खोक्याचं घनफळ विचारलं. उत्तरात माप 402530 सेंमी आलं! आकडेच बिघडले का? (व्यापारी, कळमना)

आकडे बहुधा शाबूत आहेत, गुणाकाराची चिन्हं तेवढी गेली. मूळ मजकूर असा असणार:

```
40*25*30
```

दोन्ही बाजूंना एकेकच स्टार असेल तर मधलं अक्षर तिरकं करायचं, हा मार्कडाउनचा नियम. पडद्याने 25 तिरका केला, स्टार लपवले आणि तिन्ही आकडे चिकटले. मधले आकडे किंचित कलले आहेत का, हे बघा. खात्री हवी तर कॉपीच्या बटणाने उत्तर घेऊन नोट्समध्ये चिकटवा, स्टार बहुधा परत दिसतील. घनफळ ३०,००० घन सेंमी, म्हणजे ३० लिटर आलं असेल तर हिशेब बरोबर आहे. "गुणाकाराला × वापर" असं सांगितलं की हा घोळ होत नाही. बिलाची किंवा मालाची मापं असतील तेव्हा मी तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

एकाच ॲपमध्ये कधी सपाट दोन ओळी, कधी मुद्देसूद यादी. कधी मधेच स्टार दिसतात अन् गायब होतात. फोन खराब आहे काय? (विद्यार्थिनी, धरमपेठ)

फोन ठीक आहे. "आज एकादशी आहे का?" याला यादी कशाला? पाच कॉलेजांची फी विचारली तर तक्ता सोयीचा. खुणा घालायच्या की नाही, हे एआय प्रश्न पाहून ठरवतं, आणि त्याचा अंदाज कधी चुकतोही.

उत्तर तुकड्यातुकड्याने येतं. सुरुवातीचे स्टार आले, शेवटचे यायचे असले, तर काही ॲपमध्ये ते तेवढा वेळ दिसतात. उत्तर संपल्यावरही राहिले, तर बंद करणारी जोडी आलेली नाही किंवा आतल्या बाजूला जागा सुटली आहे:

```
** फी**
```

इथे स्टारनंतरच्या मोकळ्या जागेमुळे शब्द ठळक होत नाही. मजकूर मात्र पूर्ण असतो. वाक्यच अर्धवट तुटलं असेल, तेव्हा उत्तर पुन्हा मागवा.