'लक्ष दे' ऐवजी काय लिहायचं?

प्रश्न: ठाण्यात घरी तिसरी-चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. वर्कशीटवर 'छान', 'लक्ष दे', 'सराव कर' याशिवाय काही सुचत नाही, आणि मुलं ते वाचतही नाहीत. थोडक्यात, पण उपयोगी पडेल असं काय लिहावं? चौदा मुलं आहेत, वेळ कमी असतो.

उत्तर:

मी ऐरोलीत हेच काम करते, आणि 'लक्ष दे' हा शेरा मीही बरीच वर्षं लिहिला. एका मुलाने मला तो लिहिणं सोडायला लावलं, अक्षरशः. ६४ − २८ चं उत्तर त्याने ४४ लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, 'घाई करू नकोस, लक्ष दे.' पुढच्या वर्कशीटवर अक्षर मोत्यासारखं, समासाची रेघ पट्टीने मारलेली, आणि ७१ − ४६ चं उत्तर ३५. मी रागावले तर म्हणाला, "टीचर, लक्ष देऊनच केलं." खरंच दिलं होतं. पहिलीत कोणीतरी त्याला सांगितलेलं की लहान संख्येतून मोठी वजा होत नाही. म्हणून एककात १ मधून ६ जात नाहीत म्हटल्यावर तो शहाण्यासारखा ६ मधून १ काढत होता. त्याच्या दृष्टीने त्यात चूक कुठेच नव्हती, मग लक्ष देणार कशाकडे?

तेव्हा शेरा लिहिण्याआधी चूक कशी झाली ते शोधायचं. वजाबाकीत हे सोपं असतं, कारण चुकलेलं उत्तरच बरंच सांगून जातं. ५०३ − २७८ हे गणित घ्या. बरोबर उत्तर २२५. माझ्याकडे याची तीन चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा येतात: ३७५, ३२५ आणि २३५. तिन्हींवर लाल फुली मारली की तिन्ही मुलं सारखीच दिसतात, पण तिघांना लागणारं वाक्य वेगळं आहे.

३७५ लिहिणारा वरच्या मुलासारखा. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान काढतो: ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून २. हातचा घ्यायची वेळ त्याच्यावर येतच नाही. त्याला मी लिहिते: 'श-द-ए ची मांडणी अगदी बरोबर. एककात तू ८ मधून ३ काढलेस, पण आपल्याकडे ३ आहेत आणि द्यायचे ८ आहेत. आधी शेजारचं ६४ − २८ दशक सुटा करून इथेच पुन्हा कर.' मुद्दाम सोपं गणित देते. शून्य असलेलं गणित त्याच्यासाठी अजून दोन पायऱ्या वर आहे.

३२५ लिहिणारी मुलगी बरीच पुढे गेलेली असते. तिने ३ चे १३ केले, शून्याचे ९ केले, पण शतकातले ५ तसेच ठेवले. म्हणजे शंभराची नोट मोडली आणि तरी पाकिटात पाचच नोटा! तिच्यासाठी: 'एककातले १३ आणि दशकातले ९ बरोबर. हे सुटे कुठून आले? ५ भोवती गोल कर, आता तिथे किती उरले ते वर लिही आणि शतकाचं घर पुन्हा सोडव.' अख्खं गणित पुन्हा करायला सांगत नाही. दोन घरं तिची बरोबर आहेत, ती तिला दिसायला हवीत.

२३५ वाल्याने ५ चे ४ केले, शून्याचे १० केले, ३ चे १३ केले, आणि त्या दहातून एक दशक एककाला दिलं हे विसरला. 'शतक सुटं केलंस, छान. १० दशकांतलं एक तू एककाला दिलंस. मग दशकात किती? तेवढंच घर दुरुस्त कर.' बस.

बघा, 'छान' हा शब्द मीही वापरतेच. फक्त तो कशासाठी ते पुढे किंवा मागे असतं. नुसतं 'हुशार आहेस' लिहिलं तर पुढच्या वेळी नेमकं काय तसंच करायचं, हे मुलाला कळत नाही.

आता वेळेचं. मी चौदा वर्कशीट एकेक करून तपासत नाही. आधी सगळ्यांचं ते एकच अवघड गणित बघते आणि उत्तरानुसार गठ्ठे लावते. बहुतेक वेळा तीन-चार गठ्ठे होतात. एका गठ्ठ्याला एकच शेरा, वेगळा फक्त कौतुकाचा तुकडा. एखाद्याचं उत्तर कुठल्याच गठ्ठ्यात बसत नसेल तर डोकं खाजवत बसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला विचारते, "हे कसं केलंस ते बोलून दाखव." अर्ध्या मिनिटात कळतं.

एकदाच झालेल्या चुकीवर शेरा नको. त्याच प्रकारची बाकी गणितं बरोबर असतील तर ती निसटलेली चूक, तिथे नुसता टिंब द्या, मूल स्वतः शोधतं. दोन-तीन गणितांत तीच चूक असेल तेव्हाच लिहा. आणि सहापैकी सहा चुकली असतील तर पेन खाली ठेवा. तिथे शेजारी बसून खऱ्या नोटा-नाणी मोडून दाखवावी लागतात, लिहून काही होत नाही.

मुलं वाचत नाहीत याची मला दोन कारणं सापडली. एक म्हणजे गुण. '४/६' लिहिलं की मूल तेवढंच बघतं आणि आईही तेवढंच विचारते. रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसेना. मी गुण माझ्या वहीत ठेवते. सुरुवातीला पालक कुरकुरले, आता विचारणाऱ्यांना महिन्यातून एकदा दाखवते. दुसरं कारण म्हणजे शेऱ्यानंतर करायला काही नसतं. म्हणून शेऱ्याखाली चार बोटं जागा मोकळी सोडते, आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं फक्त त्या जागेसाठी. नवीन वर्कशीट त्यानंतर. हा वेळ देणार नसाल तर शेरे लिहूही नका, हात दुखेल नुसता.

आपल्याकडची एक अडचण: इंग्रजी माध्यमाच्या किंवा सेमीच्या मुलांना 'दशक' अडतं. त्यांच्या वर्गात 'टेन्स' म्हणत असतील तर मी शेऱ्यातही टेन्सच लिहिते. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलासाठी बाण आणि गोल पुरतात.

त्या ३२५ वाल्या मुलीने दुसऱ्या दिवशी शतकात ४ लिहिले, उत्तर २२५ आणलं. मग २२५ मध्ये २७८ मिळवून ५०३ येतात का तेही मी करायला लावलं. नव्या वर्कशीटवर ६०४ − २५७ बरोबर, ३४७. पण ७०० − ३६८ चं उत्तर पुन्हा ४३२. या वेळी मी वाक्य लिहिलं नाही, नुसता ७ भोवती गोल केला. तिने बघितलं, "अय्या, परत!" म्हणाली आणि ७ खोडून ६ केले.