युरोतलं बिल, डॉलरची पॉलिसी : दर कोणत्या तारखेचा?

प्रश्न : प्रवासात असताना जर्मनीतल्या एका खासगी रुग्णालयात आईची पित्ताशयाची तातडीची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचं बिल ८,००० युरो, ते मी डॉलरच्या कार्डाने भरलं आणि खात्यातून ८,९३८ डॉलर गेले. शल्यविशारदांचं १,२०० युरोंचं वेगळं बिल सहा आठवड्यांनी आलं. पॉलिसी डॉलरमध्ये आहे, पहिले १०० डॉलर आपले. कंपनीने सगळ्याला १.०४ हा दर लावून, दोन बिलांचे २०० डॉलर कापून ९,३६८ डॉलर मंजूर केलेत. त्यासाठी ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही हवी, शिवाय रुग्णालयाच्या ४६ पानांचं प्रमाणित भाषांतर अपोस्टिल या सरकारी दाखल्यासह हवं. पॉलिसीत लिहिलंय : ‘खर्च झाल्याच्या तारखेच्या प्रचलित दराने रूपांतर केले जाईल’ आणि ‘निर्णयासाठी आवश्यक कागदपत्रांचे प्रमाणित भाषांतर दावेदाराने स्वखर्चाने द्यावे’. काय करू?

उत्तर : त्या पावतीवर सही करू नका. बाकी सगळं निस्तरता येईल, पण ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही झाली की उरलेल्या रकमेसाठी भांडणं फार अवघड होतं. पैशांची निकड असेल तर ‘दर व कपातीबाबतची हरकत राखून, अंशतः रक्कम म्हणून स्वीकारत आहे’ असं लिहून सही करण्याची तयारी कळवा. कंपनीला ते चालत नसेल तर तिने तसं लेखी द्यावं.

आता दर. कंपनीने ज्या दिवशी हिशेब केला त्या दिवशीचा दर लावलेला दिसतो. तुमच्या कलमात ‘खर्च झाल्याची तारीख’ असे शब्द आहेत. ते कसेही वाचले तरी त्यातून दावा निकाली काढण्याची तारीख निघत नाही. वाद होऊ शकतो तो इतकाच, की खर्च ‘झाला’ तो उपचाराच्या दिवशी, बिलाच्या दिवशी की पैसे भरले त्या दिवशी. माझ्या मते बिलाची तारीख सर्वांत भक्कम आहे, कारण त्या दिवशी देणं नेमक्या आकड्यात ठरलं. ‘प्रचलित दर’ कोणाचा, हेही कलमात नाही. कंपनीनेच लिहिलेल्या कलमाचे दोन वाजवी अर्थ निघत असतील तर विमेदाराच्या बाजूचा अर्थ घ्यायचा, हे तत्त्व बहुतेक देशांची न्यायालयं मानतात. मात्र त्याच्या जोरावर सर्वांत चढा दर मागू नका. तटस्थ, जाहीर दर मागा. युरोसाठी युरोपीय मध्यवर्ती बँकेचा संदर्भ दर सोयीचा. तो कामकाजाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जाहीर होतो आणि मागचे दरही मिळतात. बिल शनिवारचं असेल तर शुक्रवारचा दर घ्या. ही बँक स्वतःच सांगते की हा दर केवळ माहितीसाठी आहे, त्या दराने कोणी चलन विकत नाही. कंपनी हा मुद्दा काढेल, पण कलमात दुसऱ्या कोणत्याच दराचं नाव नसताना तिच्याकडे याहून चांगला मापदंड नाही.

समजा, पहिल्या बिलाच्या तारखेला एका युरोला १.०९ डॉलर आणि दुसऱ्याच्या तारखेला १.०८ डॉलर असा दर होता. मग ८,००० युरोंचे ८,७२० आणि १,२०० युरोंचे १,२९६, मिळून १०,०१६ डॉलर होतात. कंपनीच्या १.०४ ने हेच ९,५६८ होतात. म्हणजे फक्त तारखेमुळे ४४८ डॉलरचा फरक पडतो. प्रत्येक बिलाला त्याच्या तारखेचा दर, हा हिशेब कंपनीपुढे मांडा आणि दोन्ही दिवसांच्या दराची छापील प्रत जोडा. मात्र युरो चढला असता तर हाच नियम तुमच्या विरुद्ध गेला असता. सोयीप्रमाणे तारीख बदलता येत नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही. कंपनीने दावा रखडवला असेल तर त्याची भरपाई सहसा व्याजात मागायची असते, वेगळा दर लावून नाही.

कार्डावर गेलेल्या ८,९३८ च्या आकड्याचा आग्रह मात्र सोडून द्या. ८,७२० आणि ८,९३८ यांतला २१८ चा फरक बरोबर अडीच टक्के आहे. ते बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेचं परकी चलनाचं शुल्क असावं, खातेउताऱ्यात पाहा. तो उपचाराचा खर्च नव्हे. त्याचा आग्रह धरलात तर बाकीची मागणीही फुगवलेली वाटेल. पैसे भरताना यंत्राने ‘युरोत की डॉलरमध्ये’ असं विचारलं होतं का, तेही आठवा. डॉलर निवडले असतील तर दर त्या यंत्रचालकाचा, आणि तो सहसा महागच पडतो. तोही बोजा कंपनीवर टाकता येणार नाही.

दोनदा कापलेले १०० डॉलर ही उघड चूक वाटते. आजार एक, शस्त्रक्रिया एक, बिलं दोन. कपात ‘प्रत्येक दाव्याला’ आहे की ‘प्रत्येक बिलाला’, एवढं पॉलिसीत तपासा. दुसरा शब्दप्रयोग मी क्वचितच पाहिलाय. एकदाच कापले तर तुमचं येणं ९,९१६ डॉलर, म्हणजे देकारापेक्षा ५४८ जास्त.

भाषांतराचा खर्च तुमचाच, कलम तसं स्पष्ट आहे. पण त्यात ‘आवश्यक’ हाही शब्द आहे. ४६ पानांत नाडी-तापमानाचे तक्ते आणि प्रयोगशाळेचे आकडे असणार, त्यांचं भाषांतर करून कोणाचा निर्णय बदलणार? डिस्चार्जचं पत्र, शस्त्रक्रियेची नोंद आणि दोन्ही तपशीलवार बिलं, एवढं करून द्या. उरलेल्यांपैकी कोणतं पान कशासाठी हवं, ते लेखी विचारा. पैसे भरल्याचा पुरावा वेगळा जोडा. बिल म्हणजे पावती नव्हे, म्हणून कार्डाचा उतारा आणि दुसऱ्या बिलाच्या बँक हस्तांतराची नोंद लागेल.

भाषांतर न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडून घ्या. त्यावर पूर्ण व अचूक असल्याचा दाखला, सही, शिक्का, तारीख आणि सोबत मूळ कागदाची प्रत असावी. हातात आल्यावर दोन गोष्टी स्वतः ताडून पाहा. जर्मन कागदावर आठ हजार हा आकडा ८.०००,०० असा असतो, टिंब आणि स्वल्पविराम उलट. आणि निदानापुढे ‘संशय’ किंवा ‘पूर्वी झालेला’ अशी संक्षिप्त खूण असेल तर ती भाषांतरात उतरली पाहिजे. संशयित आजार पक्का होऊन बसला, तर कंपनी ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून दावाच नाकारू शकते. भाषांतरकाराला युरोंचे डॉलर मात्र करू देऊ नका, नाहीतर फायलीत तिसरा दर येईल.

अपोस्टिलची मागणी अस्थानी आहे. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल मिळतं ते सार्वजनिक दस्तऐवजाला, आणि तेही सही, शिक्का व अधिकारपदाच्या खरेपणापुरतं. मजकूर खरा की खोटा, हे ते सांगत नाही. खासगी रुग्णालयाचं बिल थेट त्यात बसत नाही. आधी नोटरी करावी लागेल आणि मग अपोस्टिल नोटरीच्या सहीला मिळेल, बिलाला नाही. शिवाय पॉलिसीत तशी अटच नाही. बिलाबद्दल शंका असेल तर कंपनीने रुग्णालयाला विचारावं. तुम्ही आईचं संमतिपत्र देऊन ठेवा, कारण त्याशिवाय रुग्णालय तिऱ्हाइताशी बोलणार नाही.

हे सगळं एका पत्रात, आईच्या नावाने, कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवा आणि पोच घ्या. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागा आणि त्याची तारीख जपून ठेवा. पुढे विमा लोकपालाकडे किंवा न्यायालयात जाण्याची मुदत बहुतेक ठिकाणी त्या तारखेपासून मोजतात.