कॅथलिक मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला जाताना

प्रश्न: बेळगावातल्या ऑफिसमधल्या ख्रिश्चन मित्राचे वडील गेले. उद्या चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे. मी हिंदू, कधी गेलो नाही. काय करायचं, काय बोलायचं?

मी इथलाच कॅथलिक. ‘मिस्सा’ म्हटलंय म्हणजे कुटुंब कॅथलिक असणार, त्यामुळे तेवढंच सांगतो. मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे मिस्सा नसते. तिथे पाळक उपासना घेतात.

जमल्यास आधी घरी जा. तिथे रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालू असेल तर मागे गप्प उभे राहा. हार, फुलं चालतात. हात जोडलेत तरी कुणाला खटकत नाही. गुलाल किंवा नाणी मात्र नकोत.

चर्चमध्ये पावणेचारला पोहोचा आणि मागच्या बाकांवर बसा, पुढचे बाक घरच्यांसाठी असतात. शवपेटी वेदीसमोर, पाय वेदीकडे करून ठेवतात. शेजारी मोठी मेणबत्ती जळत असते, ती पुनरुत्थानाची खूण. मिस्सा कोकणीत, मराठीत किंवा इंग्रजीत असू शकते. बाकीचे उभे राहिले की तुम्हीही उभे राहा. गुडघे टेकायची गरज नाही, तेव्हा बसून राहिलात तरी चालेल.

गडबड होते ती कम्युनियनच्या वेळी. लोक रांगेत पुढे जातात, फादर प्रत्येकाला पांढरी गोल भाकर देतात. तो प्रसाद समजून कुणी रांगेत जातं, घेतं आणि घरी न्यायला खिशात ठेवतं. आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर असतं आणि ते कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. तुम्ही जागेवर बसून राहा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. काहीजण तेवढ्यात ‘झालं’ म्हणून उठतात. पण खरा निरोप त्यानंतर असतो: फादर पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, धूप फिरवतात. मग सगळे दफनभूमीकडे निघतात.

तिथे छोटी प्रार्थना होते, पेटी खाली सोडतात आणि एकेकजण मूठभर माती टाकतो. तुम्हीही टाका, जवळच्या मित्राकडून ती अपेक्षाच असते. परतल्यावर आंघोळ करायचा नियम आमच्यात नाही, तुमच्या घरची रीत तुम्ही पाळा.

बोलायचं म्हणाल तर मित्राचा हात धरून “फार वाईट झालं रे, काका आठवतील” एवढं पुरे. “सुटले बिचारे” टाळा. आजारपण मोठं असलं तरी ते घरच्यांनी म्हणावं. कपडे पांढरे किंवा फिकट.

पुढे सातव्या दिवशी आणि महिन्यानं पुन्हा मिस्सा असते. महिन्याच्या मिस्सेला जरूर जा, तोवर येणारे कमी झालेले असतात. पाकीट द्यायचा संकोच वाटत असेल तर चर्चच्या ऑफिसात काकांचं नाव देऊन त्यांच्यासाठी एक मिस्सा सांगा. बिगर-ख्रिस्ती माणसालाही ती सांगता येते. तारीख ठरली की मित्राला कळवा, म्हणजे घरचे त्या दिवशी येतील.