झोतभट्टीत कार्बन लोह सोडवतो, मग ॲल्युमिनियम का नाही?

प्रश्न: कार्बनने लोखंडाचं ऑक्साइड क्षपण होतं, ॲल्युमिनियमचं होत नाही. एलिंगहॅम आलेखावरून हे कसं ओळखायचं?

उत्तर: ऑक्साइड तयार होताना मुक्त ऊर्जेत होणारा बदल, म्हणजे ΔG, तापमानानुसार कसा बदलतो ते हा आलेख दाखवतो. दिलेल्या तापमानाला ज्याच्या ऑक्साइडची रेषा खाली, तो वरच्याचा ऑक्सिजन काढून घेतो. आलेखातल्या सगळ्या किमती 1 मोल O₂ साठी असतात, म्हणून सरळ वजाबाकी चालते.

1500 K घ्या. FeO तयार होताना ΔG साधारण −360 kJ, CO तयार होताना −485. फरक −125, म्हणजे ऋण, म्हणून 2FeO + 2C → 2Fe + 2CO ही क्रिया होते. Al₂O₃ ची रेषा मात्र −800 च्या आसपास, खूपच खाली.

धातूंच्या रेषा वर चढतात, कारण वायू खर्च होतो. CO ची उतरते, कारण एका मोल O₂ पासून दोन मोल वायू बनतो आणि एन्ट्रॉपी वाढते. त्यामुळे ती कधीतरी ॲल्युमिनियमलाही गाठते, पण 2000 °C च्या पुढे. तिथे कार्बाइड बनून घोळ होतो. म्हणून ॲल्युमिनियमसाठी विद्युत अपघटन.

परीक्षेत हमखास विसरलं जातं ते हे: भट्टीच्या वरच्या, थंड भागात बहुतेक क्षपण CO वायू करतो. शिवाय क्रियेचा वेग आलेखातून कळत नाही.