शेपूट हलत होती, तरी कुत्री का चावली?

«आमची तीन वर्षांची गावठी कुत्री सोफ्यावर शेपूट हलवत बसली होती. पाच वर्षांच्या भाच्याने गळ्यात हात टाकून मिठी मारली आणि तिने गालाला दात लावले. आधी काहीच इशारा दिला नाही. असं कसं झालं?»

गालावर ओरखडा जरी उमटला असेल, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि कुत्रीला लस दिलेली असली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हलणाऱ्या शेपटीवरून कुत्री उत्तेजित आहे एवढेच कळते. ती उत्तेजना आनंदाची आहे की ताणाची, हे शेपटीची उंची आणि ताठरपणा यांवरून ओळखावे लागते. त्यासाठी तिची एरवीची शेपटी ठाऊक हवी. गावठी कुत्र्याची शेपटी बहुधा पाठीवर वळलेली असते आणि कारवानी जातीच्या कुत्र्याची मुळातच खाली लोंबते, त्यामुळे दोघांना एकच माप लावता येत नाही. खूश कुत्र्याची शेपटी सैल, ऐसपैस हलते आणि तिच्याबरोबर कंबरही डुलते. याउलट शेपटी नेहमीपेक्षा उंच व ताठ असेल आणि नुसते टोक झपझप थरथरत असेल, तर जवळ जाऊ नये. पायांत दबलेली शेपटी भराभर हलते, तेव्हा कुत्रे घाबरून मनधरणी करत असते.

इशारा बहुधा तोंडाकडे मिळाला असेल. मिठीत अडकलेले कुत्रे आधी मान वळवते, समोर खाणे नसताना नाकावरून जीभ फिरवते, झोप आलेली नसताना जांभई देते. मग मान दुसरीकडे पण नजर मुलावर, अशी स्थिती येते आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. शेवटी धापणारे उघडे तोंड मिटते आणि अंग क्षणभर दगडासारखे स्थिर होते. पुष्कळदा घरचे लोक याच क्षणाला ‘बघा, किती शांत बसलीय’ म्हणून फोटो काढतात.

यानंतर गुरगुरणे यायला हवे होते. ते आले नसेल, तर पूर्वी गुरगुरल्याबद्दल तिला कोणी दटावले होते का, हे आठवून पाहा. मी हाडावरून गुरगुरणाऱ्या माझ्या कुत्र्याला चार-पाच वेळा दरडावले होते. तो गुरगुरायचा थांबला, पण हाडाजवळ हात गेला की सरळ चावू लागला. भीती तशीच राहिली होती, मी फक्त तिचा आवाज बंद केला होता.

स्वभावात असा बदल अचानक झाला असेल, तर कान, दात आणि पाठ पशुवैद्यांकडून तपासून घ्या. कान दुखत असताना गळ्यात पडलेला हात फार लागतो. तोवर मिठी पूर्ण बंद ठेवा. तोंड मिटलेले दिसताच कुत्रीचा पट्टा ओढू नका, मुलालाच हाक मारून बाजूला बोलवा आणि तिला सोफ्यावरून उतरायला वाट मोकळी ठेवा. मोठ्यांनीही कुरवाळताना दोन-तीन सेकंदांनी हात मागे घ्यावा: ती स्वतःहून पुढे सरकली तर चालू ठेवावे, नुसती बसून राहिली तर थांबावे.