रतिबाच्या पोस्टमध्ये ‘शुद्ध’च्या जागी मी काय लिहितो

प्रश्न: आमचा सात-आठ गायींचा गोठा आहे. दर आठवड्याला दूध आणि तुपाच्या रतिबाची पोस्ट टाकतो. ‘१०० टक्के शुद्ध’ वगैरे न लिहिता ताजेपणाची खात्री कशी द्यायची? आणि तसं नाही लिहिलं तर गिऱ्हाईक येईल का?

येईल. माझा गोठा सासवडकडे आहे आणि रतीब हडपसरच्या बाजूला. चार संकरित होल्स्टीन आणि दोन गीर अशा सहा गायी दुधात असल्या की दिवसाला साठेक लिटर दूध निघतं. पहिल्या वर्षी मीही पोस्टवर ‘१०० टक्के शुद्ध, देशी, ए-टू’ असं ठोकून दिलं होतं. दोन गीर होत्या ना दावणीला! पण सहाही गायींची धार एकाच कॅनमध्ये जात होती. एका काकूंनी सरळ विचारलं, “देशी गायींचं दूध वेगळं काढता का हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून एकच नियम धरला: जे गिऱ्हाईक घड्याळ, तारीख किंवा तराजू लावून तपासू शकेल तेवढंच पोस्टमध्ये लिहायचं.

आधी दुधाचं बघू, कारण खोटं नकळत शिरतं ते तिथेच. माझ्याकडे सकाळच्या धारेला ३४ लिटर आणि संध्याकाळच्या धारेला २६ लिटर निघतं. रतीब सगळा सकाळचा आणि तो ४६ लिटरचा. म्हणजे रोज १२ लिटर आदल्या संध्याकाळचं दूध त्यात असतंच. तरीही माझ्या पोस्टवर ‘पहाटे काढलं, सकाळी दारात’ असं छापलेलं असायचं. बहुतेक गोठ्यांचं गणित असंच असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. संध्याकाळचं दूध धार झाल्याबरोबर ४ अंशांपर्यंत गार केलं आणि रात्रभर तिथेच ठेवलं तर सकाळी ते चांगलंच असतं. गडबड होते ती पहाटेचं कोमट दूध तसंच त्या गार दुधात ओतल्यावर. सगळ्या कॅनचं तापमान चढतं आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. म्हणून पहाटेचं कॅन आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत गार करतो आणि मगच दोन्ही एकत्र करतो. आता रविवारच्या पोस्टमध्ये असं असतं:

“या आठवड्याचं दूध: होल्स्टीन संकरित आणि गीर गायींचं एकत्र. काल संध्याकाळची गार केलेली धार आणि आज पहाटेची धार मिळून. गोठ्यातून ६.३० ला निघतं, शेवटच्या घरी ८.३० पर्यंत पोचतं. कच्चं दूध आहे, पोचल्यावर लगेच उकळा. उकळल्याशिवाय पिऊ नका, लहान मुलांना तर नकोच.”

ही पोस्ट पहिल्यांदा टाकली तेव्हा दोन घरांनी रतीब बंद केला. ‘कालचं दूध’ हा शब्द खटकला त्यांना. बाकीच्यांपैकी कुणी काही बोललं नाही. पण पुढे दूध जरा उशिरा आलं तर लोक “आज सात पन्नासला आलं” असं मोजून सांगायला लागले. मला तेच हवं होतं.

त्या वेळा लिहिल्याचा खरा उपयोग झाला मे महिन्यात. एका बुधवारी तीन घरांतून फोन आले, दूध फाटलं. पूर्वी अशा वेळी मी “आमचं दूध शुद्धच असतं हो” म्हणून वाद घातला असता. या वेळी फक्त घरं कोणती ते पाहिलं. तिन्ही ओळीतली शेवटची, आणि त्या दिवशी टायर पंक्चर झाल्यामुळे मुलगा तिथे साडेनऊनंतर पोचलेला. दुधात फाटण्याइतकं आंबटपण उन्हात, कॅनमध्येच आलेलं. इथे एक खूण लक्षात ठेवा. सगळ्या घरांचं फाटलं तर दोष गोठ्यात किंवा कूलरमध्ये. ओळीच्या शेवटच्या घरांचं फाटलं तर दोष वाटेत. एकाच घरचं फाटलं तर बहुधा त्यांचं पातेलं किंवा कालचं उरलेलं दूध. पुढच्या रविवारी पोस्टमध्ये हे जसंच्या तसं लिहिलं, तिन्ही घरांचे पैसे वजा केले आणि उन्हाळाभर कॅनभोवती ओलं गोणपाट आणि बर्फ सुरू केला.

आता तूप. ताजेपणाचा शब्द इथे जपूनच वापरायला हवा. एफएसएसएआयच्या २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत ‘फ्रेश’ हा शब्द प्रक्रिया न केलेल्या पदार्थांपुरता ठेवला आहे. धुणं, सोलणं, कापणं, गार करणं अशा गोष्टीच चालतात. कच्चं गार दूध त्यात बसतं, कढवलेलं तूप बसत नाही. ‘प्युअर’लाही तिथे अटी आहेत. शिवाय मे २०२५ मध्ये त्यांनी लेबलवर आणि जाहिरातीत ‘१०० टक्के’ लिहू नका असंही सांगितलं. ए-टूची गंमत तर वेगळीच. ऑगस्ट २०२४ मध्ये हे दावे काढा असा आदेश निघाला आणि पाचच दिवसांत मागे घेतला गेला. आदेशाचं सोडा, ए-वन आणि ए-टू हा फरक बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे. तूप म्हणजे जवळजवळ सगळं स्निग्धच. बेरी गाळून टाकल्यावर त्यात प्रथिन राहतंच कुठे? मग ‘ए-टू तूप’ म्हणून जास्त भाव कशाचा घ्यायचा?

तुपाच्या पोस्टमध्ये मी कढवल्याची तारीख, पद्धत आणि किती बरण्या आहेत ते लिहितो. पद्धत खरी लिहा. माझ्याकडे मलई यंत्राने निघते, तिला विरजण लागतं, मग ताक घुसळून लोणी. पूर्ण दुधाचं दही लावून घुसळलेलं ते नाही, म्हणून ‘पारंपरिक’ हा शब्द मी वापरत नाही. बुधवारी आणि शनिवारी कढवतो, त्यामुळे मलई चार दिवसांपेक्षा जुनी होत नाही. शेवटी विड्याचं पान टाकतो, तेही लिहितो.

किती बरण्या, हा आकडा मात्र सगळ्यात बोलका. रतिबातून रोज १४ लिटर उरतं, आठवड्याचं ९८. माझ्या गायींच्या दुधाला साधारण २८ लिटरला एक किलो तूप पडतं, म्हणजे साडेतीन किलो. अर्ध्या किलोच्या सात बरण्या, बस. म्हशीच्या दुधाला याच्या निम्मंच दूध लागतं, तेव्हा तुमचा आकडा तुमच्या दुधावरून काढा. आठवड्याला दोनशे लिटर दूध तुपाला लावून पंचवीस किलो गायीचं तूप विकणारा माणूस दिसला तर ज्याला भागाकार येतो त्याला कळतंच. आणि बरणीवर किलो लिहा, लिटर नको. तूप पाण्यापेक्षा हलकं असतं, अर्धा लिटरच्या बरणीत साडेचारशे ग्रॅमच्या आसपासच मावतं. एका आजोबांनी ते घरच्या काट्यावर ठेवून मला फोटो पाठवला होता. बरोबरच होते ते.

रंगाबद्दल कधीही वचन देऊ नका. ‘पिवळंधमक’ लिहिलं की फसलात. पावसाळ्यात हिरवा चारा पोटात गेला की तूप पिवळं होतं. एप्रिल-मेमध्ये कडबा आणि पेंडीवर आल्यावर फिकं पडतं. गायी त्याच असतात. रव्याचंही तसंच. सावकाश गार झालं तर रवा मोठा धरतो, पटकन झालं तर बारीक, उन्हाळ्यात तर वर पातळ थर तरंगतो. रवा हा शुद्धतेचा पुरावा नाही, वनस्पती तूपही रवाळ करता येतं. म्हणून बदल दिसण्याआधीच मी लिहून टाकतो: “या आठवड्यापासून कडबा जास्त आहे, तूप फिकं दिसेल.” एवढं आधी लिहिलं की “यावेळी काही मिसळलं का?” हा फोन येत नाही.

तपासणीचा अहवाल टाकायचा असेल तर त्यावरची तारीख आणि बॅच दिसू द्या. तो त्या एका बरणीपुरता असतो. दोन वर्षांपूर्वीचा कागद दर आठवड्याला चिकटवू नका. एफएसएसएआयची नोंदणी मात्र काढा आणि तिचा चौदा आकडी नंबर पोस्टखाली द्या. पण ती नोंदणी आहे, दर्जाचं प्रशस्तिपत्र नाही. ‘सरकारमान्य शुद्ध’ असा तिचा अर्थ लावू नका.

सगळ्यात अवघड पोस्ट मी गेल्या पावसाळ्यात लिहिली. एका होल्स्टीनला दगडी झाली, डॉक्टरांनी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि पाच दिवस तिचं दूध वापरायचं नाही असं सांगितलं. रोजचं १२ लिटर गेलं. ४८ लिटरमधून रतिबाचं ४६ भागलं, तुपाला दिवसाला दोनच लिटर उरलं. आठवड्याचा हिशेब ३८ लिटरवर आला, म्हणजे दीड किलोही तूप नाही. घरात सल्ला मिळाला, “तिचं दूध तुपात घाल, कढवल्यावर काय कळतंय.” ते दूध खड्ड्यात ओतलं आणि रविवारी लिहिलं:

“एका गायीला कासेचा आजार झाला आहे. औषध चालू असल्याने तिचं दूध पाच दिवस काढून टाकतो आहोत, ते रतिबात किंवा तुपात जात नाही. रतीब नेहमीप्रमाणे. तुपाच्या दोनच बरण्या, त्या ज्यांची मागणी आधी आली त्यांना. बाकी पाच जणांना पुढच्या शनिवारी.”

त्या पाच जणांपैकी एकाने बाहेरून तूप घेतलं. चौघं थांबले. आणि आधी रतीब बंद केलेल्या दोनपैकी एका घराने त्याच आठवड्यात एक लिटर पुन्हा सुरू केलं, का ते मी विचारलं नाही.